माळ्यावर कोण, ओट्यामागे कोण? उंदरांच्या खुणा वाचायच्या कशा

पंचगंगेचं पाणी चढून राजाराम बंधारा पाण्याखाली गेला की पुढच्या आठ-पंधरा दिवसांत कोल्हापुरात एक तक्रार हमखास ऐकू येते: घरात उंदीर वाढलेत. तक्रार खरी असते. नदीकाठची, उसाच्या बांधांवरची, गटारांच्या कडेची बिळं पाण्यानं भरतात आणि त्यातली जनावरं उंच, कोरड्या जागी सरकतात. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात माणसांनीही तेच केलं. मग दुकानातून पिंजरा येतो, औषध येतं, महिनाभर खटाटोप चालतो आणि उंदीर जातच नाहीत. पुष्कळदा यात पिंजऱ्याचा दोष नसतो. घरात नेमका कोण शिरलाय हेच पाहिलेलं नसतं, त्यामुळे पिंजरा एकाचा आणि उंदीर दुसराच असा प्रकार होतो.

उंदीर सहसा दिसत नाही, पण तो खुणा लपवू शकत नाही. लेंड्या, दातांचे ठसे आणि रात्रीचे आवाज या तीन गोष्टी नीट पाहिल्या तर कोण आहे हे बऱ्यापैकी खात्रीनं सांगता येतं. किती आहेत हे सांगणं जास्त अवघड आहे, पण तेही बऱ्याच अंशी जमतं.

आपल्याकडे येणारे तिघे

पहिला बारका उंदीर. पूर्ण वाढला तरी वजन साधारण १५ ते २० ग्रॅम. अनेक जण त्याला मोठ्या उंदराचं पिल्लू समजतात आणि 'पिल्लंच आहेत अजून' म्हणून गाफील राहतात. ही वेगळी जात आहे. तो यापेक्षा मोठा होत नाही आणि या आकारातच त्याला पिल्लं होतात. फरक पाहायचा तर पाय आणि डोकं पाहा. मोठ्या उंदराच्या पिल्लाचं डोकं आणि मागचे पाय अंगाच्या मानानं थोराड दिसतात, शेपटीही जाड असते. बारक्याचे पाय अगदी नाजूक, डोकं लहान आणि कान मात्र मोठे असतात.

दुसरा मोठा घरउंदीर, दीडशे-दोनशे ग्रॅमचा. हा चढण्यात पटाईत. शिवाजी पेठ, मंगळवार पेठेतल्या जुन्या कौलारू घरांत आढं, वासे आणि माळा ही त्याची हक्काची जागा. त्याची शेपटी अंगापेक्षा लांब असते.

तिसरी घूस. अंगानं जाड, तोंडानं बसकी, जमीन उकरणारी. ती माळ्यावर जात नाही. न्हाणीचं मोरीतोंड, परसू, जोत्याचा दगड आणि गोदामाची फरशी हा तिचा प्रदेश.

या लेखात 'बारका', 'मोठा' आणि 'घूस' म्हटलं की हेच तीन प्राणी समजायचे.

लेंड्या: लांबी, टोकं आणि जागा

लेंडी हा सगळ्यांत भरवशाचा पुरावा, कारण ती मोजता येते. शाळेतली पट्टी घ्या आणि दहा-बारा लेंड्यांची लांबी बघा. एकीवर भरवसा ठेवू नका.

बारक्याची लेंडी ३ ते ६ मिलिमीटर लांब, म्हणजे आजरा घनसाळ तांदळाच्या दाण्याएवढी, बारीक आणि दोन्ही टोकांना निमुळती. मोठ्याची लेंडी साधारण १२ ते १३ मिलिमीटर, मध्ये फुगीर, टोकांना निमुळती आणि बरेचदा थोडी वाकलेली. घुशीची त्याहून जाड आणि टोकांना बोथट. ती घरात कमी सापडते, बिळाजवळ आणि गटाराच्या कडेला जास्त.

लांबीइतकंच जागेकडे लक्ष द्या. बारका चालता चालता टाकत जातो. त्यामुळे त्याच्या लेंड्या डब्यांमागे, चमच्यांच्या खणात, शेगडीखाली, कपाटातल्या कागदावर अशा सगळीकडे विखुरलेल्या मिळतात. तो घरट्यापासून फार लांब जात नाही, बहुतेक वेळा तीन ते दहा मीटरच्या आतच फिरतो. म्हणून लेंड्या जिथे सगळ्यांत दाट, तिथून दोन-चार हातांवर घरटं असण्याचा संभव मोठा. मोठ्याची गोष्ट वेगळी. तो खाण्यासाठी तीस-पन्नास मीटरही जातो. लेंड्या माळ्यावर सापडल्या तरी त्याचा खाण्याचा अड्डा शेजारच्या घरात असू शकतो. वाड्यात भिंतीला भिंत लागून चार बिऱ्हाडं असतील तर एकट्या बिऱ्हाडानं पिंजरा लावून फारसं काही होत नाही, ते याच कारणानं.

इथे एक अडचण येते. मोठ्याच्या पिल्लांच्या लेंड्याही लहानच असतात. मग ओळखायचं कसं? सगळ्याच लेंड्या लहान आणि साधारण एका मापाच्या असतील तर बारका. लहान, मध्यम आणि मोठ्या अशा मिसळून एकाच वाटेवर पडलेल्या असतील तर मोठा, आणि त्याची वीण चालू आहे. ही मिसळ दिसली तर काम थोडं घाईनं हाती घ्या, कारण मोठ्या उंदराची मादी जेमतेम तीन आठवड्यांत विते आणि एका वेळी सहा-आठ पिल्लं देते.

उंदराच्या म्हणून जमवलेल्या लेंड्यांत इतरांच्याही असतात. पालीच्या विष्ठेला एका टोकाला पांढरा ठिपका असतो, उंदराच्या लेंडीला तो कधीच नसतो. वटवाघळाची लेंडी चिमटीत सहज भुगा होते आणि त्यात किड्यांच्या पंखांचे चमकते तुकडे दिसतात. झुरळाची त्याहून बारीक, टोकांना बोथट. भिंतीच्या कडेला लेंड्या आणि जवळ उग्र वास असेल तर ती चिचुंद्री. चिचुंद्री उंदीर नव्हेच. ती मुख्यतः किडे, झुरळं खाते. तिला मारण्यात काही मिळवायचं नाही, दाराखालची फट बुजवली तरी पुरे.

ताजी की जुनी?

माळ्यावर मूठभर लेंड्या सापडल्या म्हणजे आज उंदीर आहेत असं नाही. त्या मागच्या वर्षीच्याही असू शकतात. ताजी लेंडी काळसर, तकतकीत आणि मऊ असते. काडीनं दाबली तर चेपते, फुटत नाही. दोन-तीन दिवसांत ती वाळून कडक होते. जुनी झाली की तकाकी जाते, राखट रंग येतो आणि दाबल्यावर तिचा चुरा होतो.

कोल्हापूरच्या पावसात मात्र ही परीक्षा फसते. जुलैत हवा इतकी दमट असते की वाळलेली लेंडीही ओल धरते आणि ताजी वाटू लागते. त्यावर एकच खात्रीचा उपाय: सगळ्या पुसून टाका आणि दुसऱ्या सकाळी नव्या किती पडल्या ते बघा. पुढची मोजणीही याच सफाईवर उभी आहे.

सफाई करताना कोरडा झाडू फिरवू नका. उंदराच्या लेंड्या-मुताची धूळ श्वासात जाता कामा नये. लेप्टोस्पायरोसिसचे जंतू उंदराच्या मुतातूनही पसरतात, आणि ओल्या जागेत ते टिकून राहतात. खिडक्या उघडा, रबरी हातमोजे घाला. एक भाग ब्लीचच्या द्रावणात नऊ-दहा भाग पाणी मिसळून ते लेंड्यांवर शिंपडा, पाच-दहा मिनिटं थांबा आणि मग कागदानं किंवा जुन्या फडक्यानं टिपून घ्या. फडकं पिशवीत बांधून टाकायचं, धुऊन परत वापरायचं नाही. पायाला जखम असेल तर उघड्या पायांनी हे काम करू नका.

कुरतडलेल्या कडा काय सांगतात

उंदराच्या पुढच्या दातांची वाढ आयुष्यभर थांबत नाही, त्यामुळे तो खायचं नसलं तरी कुरतडतो. लाकूड, साबण, प्लॅस्टिकचं झाकण, वायरचं आवरण, काही चालतं. त्यात दोन दातांचे जोडठसे उमटतात आणि पट्टी लावून त्या जोडीची रुंदी मोजता येते. बारक्याचा ठसा १ ते २ मिलिमीटर, खरवडल्यासारखा. मोठ्याचा साडेतीन-चार मिलिमीटर, खोल आणि ठसठशीत. गुळाच्या ढेपेवर किंवा सुक्या खोबऱ्याच्या वाटीवर हे ठसे फार स्वच्छ दिसतात. घरात कुठेच ठसा सापडत नसेल तर खोबऱ्याचा एक तुकडा तारेनं घट्ट बांधून रात्रभर ठेवा. सैल ठेवला तर मोठा उंदीर तो उचलूनच नेईल, आणि नेला हीसुद्धा एक खूणच झाली, कारण बारक्याला तो ओढत नेणं जड जातं.

धान्याकडे बघा. बारका दाणा हातात धरून आतला गर खातो आणि मागे टरफलं, कण आणि पीठ ठेवतो. पोत्याखाली असा बारीक भुसा दिसला तर पाहुणा बारका. मोठा उंदीर दाणा अर्धा तोडतो किंवा अख्खा खातो, त्यामुळे मागे मोठे तुकडे राहतात. दोघांच्या खाण्याच्या रीतीही वेगळ्या. बारका एका रात्रीत वीस-तीस ठिकाणी तोंड लावतो आणि प्रत्येक ठिकाणी चिमूटभर खातो. दिवसाचं त्याचं पोट ३ ग्रॅमभर. मोठा एक-दोन ठरावीक जागी बसून पोटभर खातो, दिवसाला १५ ते २० ग्रॅम, आणि त्याला रोज पाणी लागतं. बारक्याला धान्यातल्या ओलाव्यावरही दिवस काढता येतात. म्हणून गळका नळ दुरुस्त केला, रात्री बादली झाकली तर मोठ्याची अडचण होते, बारक्याला त्याचा फारसा फरक पडत नाही.

लाकूड ताजं कुरतडलेलं असेल तर आतला भाग फिका, पिवळसर दिसतो आणि खाली भुसा पडलेला असतो. काही आठवड्यांत तोच भाग आजूबाजूच्या लाकडासारखा काळपट होतो. भोकाच्या कडेवर तेलकट काळा पट्टा आहे का तेही बघा. मोठ्याच्या अंगाचा मळ रोजच्या वाटेवर, तुळईच्या वळणावर, पाइपाच्या कडेला घासून घासून असा पट्टा तयार होतो. बारक्याचा पट्टा अगदी पुसट, बरेचदा दिसतही नाही.

भोकाचा आकारही बोलतो. बारक्याला ६-७ मिलिमीटरची फट, म्हणजे पेन्सिल जाईल एवढी जागा पुरते. मोठ्याच्या पिल्लाला सव्वा सेंटीमीटर आणि वाढलेल्याला त्याहून थोडी जास्त लागते. घुशीचं बीळ मुठीएवढं असतं आणि तोंडाशी उकरलेल्या मातीचा ढीग असतो.

रात्रीचे आवाज

आवाजावरून सगळ्यांत जास्त चुका होतात, कारण अंधारात प्रत्येक आवाज मोठा वाटतो. तरी तीन गोष्टी ऐकायला शिकण्यासारख्या आहेत.

पहिली, आवाजाचं वजन. पंधरा ग्रॅमच्या जनावराच्या पावलांचा आवाज खाली येतच नाही. बारक्याचा ऐकू येतो तो कागदाचा, प्लॅस्टिकच्या पिशवीचा, पत्र्यावर नखांचा, हलका आणि तुटक. मोठा फळ्यांवरून धावला तर खाली पावलं मोजता येतात. तो सुपारी, शेंग, खोबऱ्याचा तुकडा घेऊन बसतो आणि तो हातातून सुटला की घरंगळतो. मंगळवार पेठेतल्या एका काकूंनी हे फार अचूक सांगितलं होतं: "बाबा, रातभर माळ्यावर कोण तरी गोट्या खेळतंय." घुशीचा आवाज वरून येत नाही. तो जमिनीतून, भिंतीच्या पायथ्यातून येतो, माती उकरल्याचा, आणि डिवचली तर घुरघुरल्याचा.

दुसरी, वेळ. उंदरांची धावपळ अंधार पडल्यावर सुरू होते, पहिल्या काही तासांत ती सगळ्यांत जास्त असते आणि पहाटेपूर्वी पुन्हा वाढते. कौलांवरचा आवाज फक्त उजेडात, सकाळी आणि दुपारी येत असेल तर ती खार आहे. खार रात्री झोपते. आवाज फारच जड, धप्प असा एखादाच आणि सोबत ओरखड्यांचा असेल तर कौलांत उदमांजर आलेलं असू शकतं. जुन्या घरांत आणि झाडी असलेल्या परसांत ते येतं, आणि त्याच्यासाठी उंदराचा पिंजरा लावून काहीच होत नाही.

तिसरी, एकाच वेळी किती ठिकाणी. घरातले सगळे झोपल्यावर दिवे मालवून वीस मिनिटं शांत बसा. आवाज किती वेळा आला ते मोजू नका, कारण एकच उंदीर चार फेऱ्या मारतो. एकाच क्षणी दोन वेगळ्या टोकांना आवाज आला तर उंदीर किमान दोन. आवाजावरून खात्रीनं एवढंच म्हणता येतं. भांडणाचं चिरकणं ऐकू आलं तर तिथेही दोघे असणारच. पिल्लांचे बहुतेक आवाज इतके उंच पट्टीतले असतात की ते आपल्या कानांना कळतच नाहीत. त्यामुळे 'पिल्लांचा आवाज नाही म्हणजे पिल्लं नाहीत' हा निष्कर्ष चुकीचा.

"ते ठीक, पण किती आहेत?"

एक घर घेऊन हिशेब करू. मंगळवार पेठेतलं जुनं घर, खाली स्वयंपाकघर, वर लाकडी माळा, त्यावर कौलं. मागे न्हाणी. पावसाळ्याचे दिवस.

पहिल्या दिवशी सगळ्या लेंड्या वर सांगितल्याप्रमाणे पुसल्या. मग तीन सकाळी ओळीनं मोजल्या आणि दर वेळी पुसल्या. स्वयंपाकघरात ८८, ९५ आणि १०५ मिळाल्या, सगळ्या चार-पाच मिलिमीटरच्या, दोन्ही टोकं निमुळती. माळ्यावर ३४, २९ आणि ३८, बहुतेक साडेबारा मिलिमीटरच्या. न्हाणीबाहेर मातीचा ढीग होता, पण नव्या लेंड्या नव्हत्या. बिळाच्या तोंडात कागदाचा बोळा सैलसर खोचला, तो तिसऱ्या दिवसापर्यंत हलला नाही. म्हणजे घूस तिथून गेलेली होती. मग त्या बिळाचा विषय सोडून दिला.

स्वयंपाकघराची सरासरी ९६. एक बारका दिवसाला ५० ते ७५ लेंड्या टाकतो. ९६ लेंड्या एकाच्या असू शकत नाहीत, म्हणून किमान दोन. माळ्याची सरासरी ३४. एक मोठा दिवसाला ४० ते ५० टाकतो, त्या हिशेबानं माळ्यावर किमान एक.

'किमान' या शब्दावर जोर आहे. आपल्याला दिसतात त्या काही लेंड्याच. बाकी घरट्यात, भिंतीच्या पोकळीत, कौलांखाली, शेजारच्याच्या हद्दीत पडतात. म्हणून लेंड्यांचा आकडा थेट उंदरांचा आकडा होत नाही. तो खालची मर्यादा सांगतो.

मोठ्यांसाठी दुसरी मोजणी केली, खाण्याची. माळ्यावर चार ताटल्यांत प्रत्येकी ५० ग्रॅम भरडलेले गहू आणि चिमूटभर गूळ ठेवला. पाचवी ताटली तारेच्या जाळीत, उंदराला न मिळेल अशी. ती कशासाठी? पावसाळ्यात धान्य ओल धरून जड होतं. दाण्यांनी किती पाणी घेतलं हे त्या पाचव्या ताटलीवरून कळतं आणि तेवढा फरक बाकीच्या चारांत धरता येतो. मुंग्या येऊ नयेत म्हणून प्रत्येक ताटली पाण्याच्या परातीत उलट्या वाटीवर ठेवली. घरातलं बाकी सगळं खाणं घट्ट झाकणाच्या डब्यांत गेलं, नाहीतर या मोजणीला अर्थ राहत नाही.

पहिल्या रात्री चारही ताटल्यांत मिळून ६ ग्रॅम गेलं. दुसऱ्या रात्री १९, मग ४४, मग ६१, मग ६३. पुढे साठीच्या आसपासच राहिलं. सुरुवातीचे लहान आकडे बघून 'एकच असेल' म्हणणं ही नेहमीची चूक. मोठा उंदीर नव्या वस्तूला बिचकतो, तिच्यापासून काही रात्री लांब राहतो, मग थोडं चाखतो. आकडा वाढायचा थांबला की तोच धरायचा. ६० ते ६३ ग्रॅम, माणशी नव्हे तर उंदराशी १५ ते २० ग्रॅम, म्हणजे तीन किंवा चार. लेंड्या सांगत होत्या किमान एक, खाणं सांगतं तीन-चार. दोन्ही खरं आहे आणि एकमेकांना धरून आहे.

मग पकडायला सुरुवात. माळ्यावर पिंजरे लावले, पण काही रात्री दार उघडं, खटका न लावता, आत खाणं ठेवून. बिचकणाऱ्या उंदराला त्यांची सवय होऊ दिली. मग खटका लावला. तीन उंदीर मिळाले आणि त्यानंतर ताटल्यांतलं धान्य आठवडाभर हललं नाही. स्वयंपाकघरात याच्या उलट केलं. बारका नव्या वस्तूला बिचकत नाही, उलट हुंगायला येतो. तिथे भिंतीला टेकून दोन-दोन मीटरवर लहान सापळे पहिल्याच रात्री लावले. दोन रात्रींत चार मिळाले. लेंड्या वीसवर आल्या पण थांबल्या नाहीत. पाचवा मिळाल्यावर थांबल्या.

पाच बारके म्हणजे त्यांनी रोज अडीचशे ते पावणेचारशे लेंड्या टाकल्या असणार, आणि आपल्याला मिळत होत्या ९६. या घरात साधारण तिसरा-चौथा हिस्सा दिसत होता. हे प्रमाण दुसऱ्या घराला लावू नका. उघड्या फरशीच्या नव्या फ्लॅटमध्ये जास्त दिसतील, पोत्यांनी भरलेल्या गोदामात फारच कमी. मात्र एकाच घरात, त्याच जागी, त्याच पद्धतीनं मोजलेले आकडे एकमेकांशी ताडून पाहता येतात. शंभराचे वीस झाले तर काम बरोबर चाललंय. शंभराचे शंभरच राहिले तर सापळा चुकीच्या जागी आहे किंवा चुकीच्या जनावरासाठी आहे.

"एक दिसला म्हणजे पंचवीस असतात म्हणे"

असं कुठलंही ठरलेलं गणित नाही. एक दिसला तो एकटाही असू शकतो, नदीकाठावरून कालच आलेला. त्यापेक्षा कधी दिसला ते महत्त्वाचं. भरदिवसा, माणसं वावरत असताना वारंवार दिसत असेल तर आत गर्दी झालीय किंवा खाणं कमी पडतंय, असं मानायला जागा आहे. दुबळ्यांना रात्रीचा वाटा मिळत नाही, म्हणून ते दिवसा बाहेर पडतात. पण आदल्याच दिवशी बीळ बुजलं असेल, पाणी शिरलं असेल किंवा शेजारी पाडकाम चालू असेल तरीही ते दिवसा दिसतात. आधी हे कारण तपासा.

"आमच्याकडे मांजर आहे"

मांजर बारके आणि मोठ्यांची पिल्लं पकडतं, पण वाढलेल्या घरउंदराच्या आणि विशेषतः घुशीच्या वाटेला बहुतेक मांजरं जात नाहीत. शिवाय वाशांवर, भिंतीच्या पोकळीत ते पोहोचत नाही. मांजर असलेल्या घरात उंदीर आपली वाट आणि वेळ बदलतात, त्यामुळे ते दिसायचे आणि ऐकू यायचे कमी होतात. लेंड्यांची मोजणी मात्र फसत नाही. मांजर आहे त्या घरात तर ती जास्तच करावी. मांजराच्या वाटीत रात्रभर उरलेलं खाणं हे उंदरांचंही जेवण असतं, ते झोपण्यापूर्वी उचलून ठेवा.

"आवाज थांबला, म्हणजे गेले"

नाही. पाऊस जोराचा असेल तर कौलांवरच्या आवाजात उंदीर ऐकूच येत नाहीत. पाऊस उघडल्यावर शेतात खाणं मिळू लागलं की काही स्वतःहून बाहेरही जातात आणि सुगीनंतर परत येतात. विषाची गोळी खाऊन एखादा आजारी पडून वाचला तर तो पुन्हा तसल्या गोळीला तोंड लावत नाही आणि काही दिवस दबकून राहतो. खरोखर गेले का हे पाहायचं तर भिंतीच्या कडेला, त्यांच्या वाटेवर रांगोळीचा पातळ, हातभर लांब पट्टा पसरा. सकाळी त्यावर पावलं उमटलेली दिसतील. मोठ्याच्या मागच्या पायाचा ठसा तीन-साडेतीन सेंटीमीटर, बारक्याचा दीड-पावणेदोन. शेपटी घासली असेल तर पावलांच्या मध्ये रेघही दिसते. पंधरा दिवस पट्टा कोरा आणि नवी लेंडी नाही, एवढं झालं तर गेले म्हणता येईल.

एक गोष्ट जी फारशी कोणी सांगत नाही

मोठे आणि बारके एका घरात असले तरी सहसा एका जागी राहत नाहीत. मोठा उंदीर बारक्याला मारतो, खातोही. वर हिशेब केलेल्या घरात माळा मोठ्यांकडे आणि ओटा बारक्यांकडे होता तो याच भीतीनं. मोठे गेल्यावर माळा मोकळा होतो आणि बारके तिथे वर सरकू शकतात. म्हणून मोठे पकडून झाल्यावर माळ्यावरची तपासणी महिनाभर चालू ठेवावी आणि पट्टीवर नव्या लेंड्या मोजाव्यात. साडेबाराच्या जागी चार-पाच मिलिमीटरच्या दिसू लागल्या तर पिंजरे काढून लहान सापळे लावा. फटी बुजवतानाही मोठ्यापुरत्या बुजवून थांबू नका. सव्वा सेंटीमीटरच्या जाळीनं मोठा अडतो, बारका तिच्यातून आरामात जातो. ६ मिलिमीटरपेक्षा बारीक लोखंडी जाळी घ्या, आणि पाइपाभोवतीची फट सिमेंटनं भरताना आत स्टीलचा काथ्या दाबून मग सिमेंट लावा. नुसतं ओलं सिमेंट ते वाळायच्या आत उकरतात.